घेणारे किती, बघे किती: फोटोतून आलेलं दुकानाचं गणित पायरीपायरीने

रात्री साडेदहाला भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो पाठवला. पान वाकलेलं, कोपऱ्यावर अंगठा, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. खाली एकच ओळ: "मावशी, हे दोन भागांत कसं फोडायचं?" मी नाशिकला कॉलेज रोडवर बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. हे गणित दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वेशात येतंच. कधी बँक असते, कधी टोलनाका, या वेळी दुकान होतं. मी स्वतः शिकत असताना ते तीनदा चुकवलं होतं आणि तिन्ही वेळा चूक वेगळी होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटोतलं गणित मराठीत असं: एका दुकानात गिऱ्हाइकं पॉयसाँ प्रक्रियेने, ताशी १२ या दराने येतात. प्रत्येक गिऱ्हाईक इतरांपासून स्वतंत्रपणे, ०.२५ संभाव्यतेने काहीतरी विकत घेतं, नाहीतर नुसतं बघून जातं. मग चार प्रश्न:

(अ) दुकान उघडल्यावर पहिल्या २० मिनिटांत एकही घेणारा न येण्याची संभाव्यता किती?
(आ) त्या २० मिनिटांत नेमके २ घेणारे आणि ३ बघे येण्याची संभाव्यता किती?
(इ) त्या २० मिनिटांत ९ बघे येऊन गेले असं कळलं, तर घेणाऱ्यांची अपेक्षित संख्या किती?
(ई) त्या २० मिनिटांत एकूण ५ जण आले असं कळलं, तर त्यांतले २ घेणारे असण्याची संभाव्यता किती?

"घेणारे" आणि "बघे" ही नावं माझी. पुस्तकात "प्रकार १" आणि "प्रकार २" असतं आणि तिसऱ्या ओळीपर्यंत कुठला कोण ते विसरायला होतं. तुम्हीही आधी नावं ठेवा.

लागणारं सामान

- मूळ पानाचा पूर्ण फोटो, वरची ओळ न कापता
- e चा घात काढता येणारा कॅल्क्युलेटर (मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये ते बटण दिसतं)
- कोरा कागद
- पडताळा घ्यायचा असेल तर पायथन, नसेल तरी अडत नाही

१. उत्तराकडे धावण्याआधी फोटो वाचा

फोटोवरून सोडवताना अर्ध्या चुका गणिताच्या नसतातच, वाचण्याच्या असतात. भाच्याच्या फोटोत "ताशी" हा शब्द नेमका पानाच्या घडीत गेला होता आणि त्याने १२ हा आकडा २० मिनिटांचा धरून सुरुवात केली होती. ०.२५ मधला टिंबही उजेडात हरवला होता. दशांश चिन्हाबद्दल शंका आली तर एवढं तपासा की दोन्ही प्रकारांच्या संभाव्यतांची बेरीज १ व्हायला हवी.

पण सगळ्यात महागात पडतो तो "स्वतंत्रपणे" हा शब्द. तो नजरेतून सुटला की "चारांत एक घेतो" याचा अर्थ आपण "दर चौथा घेतो" असा लावतो. सरासरी दोन्हीकडे तीच, गणित मात्र वेगळं. दर चौथा माणूसच घेत असेल, तर पहिल्या २० मिनिटांत कोणी न घेण्याचा अर्थ होतो "तीन किंवा त्याहून कमी माणसं आली", आणि त्याची संभाव्यता येते ०.४३. प्रत्येक जण दारात येऊन आपापलं नाणं उडवत असेल, तर येते ०.३७. आपलं गणित दुसऱ्या जातीचं आहे. या लेखात पुढे जे जे आहे ते त्या नाण्याच्या जोरावर आहे, हे ध्यानात ठेवा.

२. आधी वेळ जुळवा

प्रश्न २० मिनिटांचा, दर तासाचा. २० मिनिटं म्हणजे एक तृतीयांश तास, म्हणून २० मिनिटांत सरासरी १२ × १/३ = ४ माणसं.

इथला नेहमीचा घोटाळा असा की मुलं वेळेने दरालाही गुणतात आणि ०.२५ लाही. येणाऱ्यांची सरासरी संख्या वेळेबरोबर बदलते, संभाव्यता बदलत नाही. २० मिनिटं असोत की आठ तास, दारातून आत आलेला प्रत्येक माणूस ०.२५ नेच घेणार.

कुठली २० मिनिटं, याने काही फरक पडत नाही. उघडल्यानंतरची असोत किंवा दुपारी दोनची, दर दिवसभर सारखा दिला आहे. खऱ्या दुकानात दुपारी दोनला काय असतं हे आपल्याला माहीत आहे, पण गणित ते विचारत नाहीये.

३. आता प्रवाह फोडा

येणाऱ्यांचा एकच प्रवाह आहे. दारात प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवायची: घेणारा किंवा बघ्या. मग घेणाऱ्यांचा वेगळा प्रवाह होतो, बघ्यांचा वेगळा. नियम असा की दोन्ही प्रवाह पुन्हा पॉयसाँच राहतात, आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतात. दर फक्त वाटले जातात.

- घेणारे: ताशी १२ × ०.२५ = ३, म्हणजे २० मिनिटांत सरासरी १
- बघे: ताशी १२ × ०.७५ = ९, म्हणजे २० मिनिटांत सरासरी ३

१ आणि ३ मिळून ४ होतात, म्हणजे वाटणी बरोबर झाली. प्रत्येक वेळी ही बेरीज करून बघायची सवय लावा.

(अ) आता एका ओळीत सुटतो. बघ्यांकडे पाहायचंच नाही. घेणाऱ्यांची सरासरी १, म्हणून एकही न येण्याची संभाव्यता e चा उणे पहिला घात, ०.३६७९. माझ्या मामाचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. त्याच्या भाषेत हा प्रश्न म्हणजे "वीस मिनिटांत भवानी झाली नाही, असं कितीदा व्हायचं?" तीन दिवसांत एकदाहून थोडं जास्त. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "इतकंच?"

४. (आ): गुणाकार का चालतो ते एकदा स्वतः करून बघा

दोन प्रवाह स्वतंत्र असल्यामुळे २ घेणारे येण्याची संभाव्यता आणि ३ बघे येण्याची संभाव्यता यांचा सरळ गुणाकार करायचा. घेणाऱ्यांची संख्या X, बघ्यांची Y आणि एकूण N धरू.

```
P(X=2) = e^(-1) * 1^2 / 2! = 0.1839
P(Y=3) = e^(-3) * 3^3 / 3! = 0.2240
गुणाकार = 0.0412
```

परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण स्वतंत्रतेवर विश्वास बसला नसेल (माझा दोन वर्षं बसला नव्हता), तर लांबच्या रस्त्याने जा. आधी एकूण ५ माणसं येण्याची संभाव्यता काढा, मग त्या पाचांत २ घेणारे असण्याची:

```
P(N=5)            = e^(-4) * 4^5 / 5!          = 0.1563
P(X=2 | N=5)      = 10 * 0.25^2 * 0.75^3       = 0.2637
गुणाकार            = 0.0412
```

उत्तर तेच आलं, आणि हा योगायोग नाही. पहिल्या ओळीत छेदात 5! आहे. दुसऱ्या ओळीतला 10 म्हणजे 5! भागिले 2! 3!, तिथे तोच 5! अंशात आहे. दोघे एकमेकांना कापतात आणि उरतात 2! आणि 3!, प्रत्येक प्रकाराचा आपापला. पाठोपाठ 4^5 चे दोन तुकडे होतात: दोन चौके ०.२५ कडे जाऊन १ होतात, तीन चौके ०.७५ कडे जाऊन ३ होतात. e^(-4) सुद्धा e^(-1) आणि e^(-3) मध्ये वाटला जातो. सगळं सामान दोन घरांत निघून जातं आणि मध्ये काहीच उरत नाही. दोन्ही घरांना जोडणारं पद शिल्लक नसणं, यालाच स्वतंत्र म्हणायचं. ही कापाकापी कागदावर स्वतःच्या हाताने एकदा करा, दहा मिनिटं लागतात. दुसऱ्याची वाचून ती डोक्यात शिरत नाही.

५. "कळलं तर" या शब्दांपाशी थांबा

(इ) आणि (ई) हे दोन प्रश्न दिसायला भाऊभाऊ आहेत आणि बहुतेक मुलं इथेच घसरतात. दोन्हींत "असं कळलं, तर" आहे. पण काय कळलं, यावर सगळं अवलंबून.

(इ) मध्ये ९ बघे आले असं कळलं. भाच्याने लिहिलं होतं: "बघे तीन चतुर्थांश असतात, ९ बघे म्हणजे एकूण १२, म्हणून घेणारे ३." वाचताना पटतं, आणि चूक आहे. उत्तर १ आहे. बघ्यांची संख्या ९ असो, ० असो, की ३०, घेणाऱ्यांची सरासरी १ च राहते, कारण दोन्ही प्रवाह स्वतंत्र आहेत.

त्याचा लगेच मेसेज आला: "पण ९ बघे आले म्हणजे गर्दी होती ना! मग घेणारेही जास्त असणार." प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नये. इथे दोन ओढी एकमेकींविरुद्ध काम करतात. एकूण माणसं ठरलेली असती, तर बघे वाढले की घेणारे कमी झाले असते. एकूण माणसं कमी-जास्त होत असतील, तर गर्दीच्या वेळी दोन्ही वाढतात. पहिली ओढ खाली खेचते, दुसरी वर. घेण्याची संभाव्यता p आणि न घेण्याची q धरली, तर कुठल्याही प्रकारच्या येणाऱ्यांसाठी या रस्सीखेचीचा हिशेब, म्हणजे सहप्रसरण, असा निघतो:

```
Cov(X, Y) = p * q * ( Var(N) - E(N) )
```

पॉयसाँमध्ये प्रसरण आणि मध्य सारखेच असतात. कंस शून्य होतो, रस्सी जागची हलत नाही. नुसत्या शून्यावरून स्वतंत्रता सिद्ध होत नाही, ती चौथ्या पायरीतल्या कापाकापीने होते. पण मनाला समजावायला हे सूत्र फार उपयोगी आहे, आणि ते पुढे खऱ्या दुकानात पुन्हा लागणार आहे.

भाच्याचा युक्तिवाद खरा ठरतो तो दर माहीत नसतो तेव्हा. आज एकादशी आहे की साधा मंगळवार हेच ठाऊक नसेल, तर ९ बघे ही बातमी आहे. आज बहुधा गर्दीचा दिवस आहे एवढं त्यावरून कळतं, आणि घेणाऱ्यांचा अंदाज वाढवायलाच हवा. फोटोतल्या गणितात दर १२ असा ठोकून दिला आहे, म्हणून बातमीला किंमत नाही.

(ई) मध्ये कळलं ते वेगळं: एकूण ५ आले. इथे एकूण आकडा बांधला गेला, स्वतंत्रता संपली. घेणारे २ म्हणजे बघे ३ च. आता पॉयसाँ बाजूला ठेवायचा आणि पाच नाणी उडवायची. चौथ्या पायरीतली मधली ओळ हेच याचं उत्तर: ०.२६३७. यात ताशी १२ कुठेच लागत नाही, आणि लागत नाही म्हणून मुलं घाबरतात. दिलेला प्रत्येक आकडा प्रत्येक उपप्रश्नात वापरलाच पाहिजे, असा काही कायदा नाही.

खूण लक्षात ठेवायची ती एवढीच: एका प्रकाराची संख्या दिली तर दुसऱ्यावर परिणाम नाही, एकूण संख्या दिली तर द्विपद वितरण.

६. पडताळा (ज्यांना हवा त्यांच्यासाठी)

दहा लाख वेळा ती २० मिनिटं खेळून बघता येतात.

```python
import numpy as np
r = np.random.default_rng(7)
n = r.poisson(4, 1_000_000)
x = r.binomial(n, 0.25)
y = n - x
print(np.mean((x == 2) & (y == 3)))
print(x[y == 9].mean())
print(x[n == 5].mean())
```

पहिला आकडा ०.०४१ च्या आसपास आला पाहिजे. दुसरा १ च्या आसपास येईल, पण थोडा इकडे-तिकडे, कारण नेमके ९ बघे येणं दुर्मीळ आहे: दहा लाखांत साधारण २,७०० वेळाच. त्याचा ०.९७ आला म्हणून घाबरू नका. तिसरा १.२५ च्या जवळ येईल, म्हणजे ५ × ०.२५. दुसऱ्या आकड्याच्या जागी nan किंवा १ पासून फार दूरचा आकडा आला, तर तुम्ही x आणि y ची अदलाबदल तर केली नाही ना ते बघा.

७. हेच गणित खऱ्या दुकानात नेताना

परीक्षेवाल्यांनी इथे थांबायला हरकत नाही. पण भाच्याला प्रोजेक्टही करायचं होतं, आणि त्याने मामाच्या गल्ल्याशेजारी बसून मोजणी करायची ठरवली. मी त्याला वहीत तीन रकाने आखून दिले: वेळ, घेणारा की बघ्या, आणि "सोबत कोण". तिसरा रकाना त्याला उगाच वाटला होता.

तासाभरात त्याचं कारण दारात उभं राहिलं. गंगेवरून (आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) भाविकांची एक जीप रिकामी झाली आणि सहा जण एकदम आत आले. एका आजींनी तीर्थासाठी तांब्याचा छोटा गडू घेतला. मग त्यांच्या सुनेने घेतला, मग शेजारणीने. मामी म्हणाली, "एकीनं घेतला की सगळ्यांना लागतो." या एका प्रसंगात फोटोतल्या गणिताच्या दोन्ही अटी मोडल्या. माणसं एकेकटी आली नाहीत, आणि प्रत्येकाने स्वतःचं नाणं उडवलं नाही.

अट मोडल्याचं वहीत कसं कळतं? २०-२० मिनिटांचे तुकडे पाडा, प्रत्येकात एकूण किती आले ते लिहा, आणि त्या आकड्यांचं मध्य आणि प्रसरण काढा. पॉयसाँ असेल तर दोन्ही जवळपास सारखी येतात. प्रसरण मध्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर एक तर घोळके येत आहेत, नाहीतर दर दिवसभर सारखा नाही. यांतलं कुठलं, ते "सोबत कोण" हा रकाना सांगतो. दर बदलत असेल तर फार बिघडत नाही. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी धरा, प्रत्येकीत वेगळी फोड करा. घोळक्यांचं तसं नाही.

सोपी बाजू धरून बघू. समजा माणसं नेहमी जोडीनेच येतात, ताशी ६ जोड्या. माणसं मोजली तर तीच ताशी १२, २० मिनिटांत सरासरी ४. पण प्रसरण ८. वरच्या सूत्रात घाला: ०.२५ × ०.७५ × (८ − ४) = ०.७५. शून्य नाही. म्हणजे आता ९ बघे दिसले तर ती खरी बातमी आहे. माणसं जोडीनेच येतात, एकूण सम असणार, म्हणून निदान एक घेणारा आलाच असणार! स्वतंत्रता कुठे राहिली?

उपाय असा की डोकी फोडायची नाहीत, घोळके फोडायचे. जोड्या मात्र अजूनही पॉयसाँने येतात, २० मिनिटांत सरासरी २. प्रत्येक जोडीला चिठ्ठी लावा: "कोणीतरी घेतलं" किंवा "कोणीच नाही". जोडीतले दोघे आपापलं ठरवत असतील, तर कोणीच न घेण्याची संभाव्यता ०.७५ × ०.७५ = ०.५६२५. मग घेणाऱ्या जोड्यांची सरासरी २ × ०.४३७५ = ०.८७५, आणि भवानी न होण्याची संभाव्यता e चा उणे ०.८७५ घात, म्हणजे ०.४१६९. माणसं एकेकटी धरून आपण ०.३६७९ काढली होती.

आणि जोडीतली दुसरी पहिलीचं बघून घेत असेल, मामी म्हणते तसं, तर ०.५६२५ हा गुणाकार वापरू नका. सरळ वहीतून मोजा: किती जोड्या आल्या, किती रिकाम्या हाताने गेल्या. घोळक्याच्या आत काय चाललं आहे याचं गणिताला घेणंदेणं नाही. फक्त एका घोळक्याचं बघून दुसरा ठरवत नसला पाहिजे. भांडी बाजारात तेही होतं, विशेषतः शेजारच्या दुकानात गर्दी दिसली की. म्हणून भाच्याने प्रोजेक्टसाठी शेवटी मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरा ते एक, एवढीच वेळ धरली आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून टाकलं.